दहा पाडे, अडीचशे मुलं: सीएसआर समितीसाठी छोट्या संस्थेने अंदाजपत्रक कसं बांधावं

छोट्या धर्मादाय संस्थेचा प्रस्ताव कंपनीत तीन टेबलांवरून फिरतो. आधी सीएसआरचा, म्हणजे कंपनीने कायद्याने समाजासाठी करायच्या खर्चाचा, किंवा एचआरचा अधिकारी तो वाचतो. मग तो फायनान्सकडे जातो. शेवटी एका पानाची टिपणी होऊन समितीपुढे येतो. समिती शिफारस करते आणि मंजुरी संचालक मंडळ देतं. (कंपनीवरचा वर्षाचा सीएसआर खर्च ५० लाखांच्या आत असेल, तर वेगळी समिती नेमण्याची सक्ती नाही; मंडळच ते काम करतं.) कामाचं वर्णन पहिल्या टेबलावर वाचलं जातं, अंदाजपत्रक मात्र तिन्ही टेबलांवर. म्हणून या लेखात बहुतेक जागा अंदाजपत्रकालाच दिली आहे.

उदाहरण असं घेऊ. नाशिकची एक छोटी संस्था त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या दहा पाड्यांवर, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वाचन-गणिताचे अभ्यासवर्ग चालवू इच्छिते. निधी सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीकडे मागायचा आहे. हे उदाहरण मुद्दाम निवडलं, कारण यात इमारत नाही, यंत्र नाही, फीत कापण्यासारखं काही नाही. खर्चाचा मोठा भाग माणसांच्या मानधनावर जातो आणि छोट्या संस्था नेमक्या याच बाबतीत गडबडतात.

आधी कागद

सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा. १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी संस्थेमार्फत काम करून घेऊ शकत नाही. हा फॉर्म कंपनी मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि त्यावर व्यवसाय करणाऱ्या सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. त्याआधी आयकराच्या १२ए आणि ८०जी या दोन्ही नोंदण्या चालू असाव्या लागतात. यातली एकच असून भागत नाही. तात्पुरती नोंदणी मिळालेल्या संस्थांनी तिची मुदत प्रकल्पाच्या मध्येच संपत नाही ना, हे तारखेनिशी बघावं. शिवाय कंपनीने स्वतः काढलेली नसलेली संस्था घ्यायची, तर तिला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असला पाहिजे. 'तशाच' या शब्दाला इथे वजन आहे. तीन वर्षं रक्तदान शिबिरं घेतली, हा अभ्यासवर्गांचा अनुभव धरला जात नाही.

हमखास अडवणारा कागद मात्र वेगळाच असतो, तो म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयातला परिशिष्ट १ चा उतारा. विश्वस्त बदललेले असतात, चेंज रिपोर्ट दाखल झालेला असतो पण मंजूर नसतो आणि उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. प्रस्तावावर नव्या अध्यक्षांची सही, उताऱ्यावर जुन्या अध्यक्षांचं नाव, असं दिसलं की कंपनीचा कायदा विभाग फाइल बाजूला ठेवतो. अशा वेळी उताऱ्यावर नाव असलेल्या आणि अजून पदावर असलेल्या विश्वस्ताला ठराव करून सहीचे अधिकार द्यावेत. ठरावाची प्रत आणि चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच सोबत जोडावी.

याच टप्प्यावर शाळांचंही उरकावं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र आणि प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा. पत्र हातात नसेल तर अर्जाची पोच जोडावी आणि पत्र कधीपर्यंत मिळेल तेही लिहावं.

३१ मार्चची भिंत

शाळेचं वर्ष जून ते एप्रिल, कंपनीचं एप्रिल ते मार्च. संस्था सवयीने जून ते एप्रिल असा अकरा महिन्यांचा प्रकल्प लिहिते आणि फायनान्सला तिथेच खटकतं. कंपनीने संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे सीएसआर खर्च झाला, असं कायदा मानत नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले की मगच तो खर्च ठरतो. पैसा ठरलेल्या कामावर, ठरलेल्या पद्धतीने खर्च झाला हे कंपनीच्या सीएफओला प्रमाणित करावं लागतं. त्यामुळे एप्रिलमध्ये होणारा प्रत्येक खर्च त्यांच्यासाठी पुढच्या वर्षाचा प्रश्न होऊन बसतो.

यातून बाहेर पडायचे मार्ग दोन. एक म्हणजे प्रकल्प 'सुरू राहणारा' म्हणून बहुवर्षीय मंजूर करून घेणं. सुरू झालेलं वर्ष सोडून त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात आणि न वापरलेला पैसा कंपनी वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरू शकते. पण कंपनीशी पहिल्यांदाच संबंध येत असेल, तर सहसा एवढा विश्वास मिळत नाही. दुसरा मार्ग साधा आहे. प्रकल्प १ जून ते ३१ मार्च असा दहा महिन्यांचा बांधावा आणि मार्चचं मानधनही मार्चमध्येच द्यावं. आपल्या उदाहरणात हाच मार्ग घेतला आहे.

मंजुरी लांबली आणि करार जुलैत झाला, तर सुटलेला महिना एप्रिलमध्ये ढकलू नये. त्या महिन्याचा चालू खर्च अंदाजपत्रकातून कमी करून सुधारित तक्ता द्यावा.

काम आधी, आकडे नंतर

'कंपनी दहा लाख देईल असं कळलंय' इथून सुरू केलेलं अंदाजपत्रक वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. बेरीज गोल येते आणि ओळी ओढूनताणून बसवलेल्या दिसतात. म्हणून आधी एका पाड्यावर एका महिन्यात नेमकं काय होणार, ते लिहून काढावं.

इथे ते असं आहे. प्रत्येक पाड्यावर २५ मुलं. शिकवायला गावातलीच, किमान बारावी झालेली एक ताई. आठवड्यातून पाच दिवस, मुख्याध्यापकांशी ठरवलेल्या वेळेत, रोज दोन तास वर्ग. दहा वर्गांवर देखरेखीला एक पूर्णवेळ समन्वयक, जो महिन्यातले सोळा दिवस पाड्यांवर जातो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ताई घरोघरी पाहणी करतात आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतात. पुढचं दोन दिवसांचं प्रशिक्षण नोव्हेंबरमध्ये. मुलांची चाचणी जून, नोव्हेंबर आणि मार्च अशी तीनदा. त्याच महिन्यांत पालकसभाही तीनदा.

एवढं लिहिलं की तक्त्यातल्या ओळी आपोआप समोर येतात. प्रत्येक ओळीत संख्या, दर आणि किती महिने किंवा वेळा, हे तिन्ही हवं.

| बाब | हिशेब | रुपये |
|---|---|---|
| ताईंचं मानधन | १० × ५,००० × १० महिने | ५,००,००० |
| समन्वयकाचं मानधन | १ × १८,००० × १० महिने | १,८०,००० |
| प्रशिक्षण: जेवण व प्रवास | १२ जण × ३५० × ५ दिवस | २१,००० |
| प्रशिक्षकाचं मानधन | २,५०० × ५ दिवस | १२,५०० |
| मुलांचं साहित्य | २५० × ४२० | १,०५,००० |
| वर्गाचा संच | १० × ६,५०० | ६५,००० |
| चाचणी: छपाई | २५० × १२ × ३ वेळा | ९,००० |
| चाचणी: बाहेरचे परीक्षक | १० वर्ग × ६०० × ३ वेळा | १८,००० |
| समन्वयकाचा प्रवास | १६ दिवस × ६० किमी × ५ × १० महिने | ४८,००० |
| पालकसभा | १० × ५०० × ३ वेळा | १५,००० |
| हिशेबनीस, अर्धवेळ | ४,००० × १० महिने | ४०,००० |
| फोन, इंटरनेट, स्टेशनरी | १,५०० × १० महिने | १५,००० |
| कंपनीकडे मागणी | | १०,२८,५०० |
| लेखापरीक्षण (संस्था भरणार) | १२,००० + १८ टक्के जीएसटी | १४,१६० |
| प्रकल्पाचा एकूण खर्च | | १०,४२,६६० |

मागणीला मुलांच्या संख्येने भागलं की एका मुलामागे दहा महिन्यांचे ४,११४ रुपये येतात. हा आकडा पहिल्या पानावर द्यावा, कारण समितीत पहिला प्रश्न हाच विचारला जातो.

तक्त्यातले दर इथे नमुन्यापुरते आहेत. तुमच्या प्रस्तावात प्रत्येक दरामागे कागद हवा. साहित्य आणि संचासाठी शहरातल्या घाऊक दुकानांची तीन कोटेशन घ्यावीत, तीही जीएसटी धरून. छोट्या संस्थेला भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चच असतो. कोटेशनमध्ये 'कर वेगळा' असं बारीक अक्षरात असलं आणि ते नजरेतून सुटलं, तर तेवढी रक्कम पुढे संस्थेच्या खिशातून जाते. प्रवासाचा दर संस्थेच्या ठरावात असावा आणि किलोमीटरची नोंदवही पहिल्या दिवसापासून लिहावी. मानधन सगळ्यांना बँकेतूनच द्यावं. कर्मचारीसंख्येमुळे संस्थेला पीएफ लागू असेल, तर मालकाच्या वाट्याची वेगळी ओळ घालावी. ती विसरली की वर्षभर दर महिन्याला तूट येत राहते.

लेखापरीक्षण संस्थेच्या वाट्याला ठेवलं आहे, त्यालाही कारण आहे. मार्चअखेरची खाती बंद झाल्यावर, म्हणजे एप्रिलनंतर हे काम होतं आणि त्याचं बिल ३१ मार्चच्या पलीकडे जातं. ते स्वतः उचललं की कंपनीची अडचण मिटते आणि संस्थेचा रोख सहभागही दिसतो. 'विश्वस्तांचा वेळ: २ लाख' असला कागदी सहभाग फायनान्सवाले मोजत नाहीत. वर्गखोल्या शाळेच्या, हे वाक्यात लिहावं. त्यावर किंमत लावू नये.

मानधन लपवू नका

वरच्या तक्त्यात ताई आणि समन्वयक मिळून ६,८०,००० रुपये होतात, म्हणजे मागणीच्या ६६ टक्के. हे बघून बऱ्याच संस्था घाबरतात आणि मानधन 'शैक्षणिक उपक्रम', 'क्षमता विकास' अशा ओळींमध्ये विखरून टाकतात. याने नुकसानच होतं. पैसा कशावर खर्च झाला हे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राच्या वेळी बँकेचा उतारा मानधन दाखवतो, मंजूर तक्ता उपक्रम दाखवतो, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. शिकवण्याच्या प्रकल्पात शिकवणारी माणसं म्हणजेच कार्यक्रम. तक्त्यानंतर दोनच वाक्यं लिहावीत: या प्रकल्पात बांधकाम किंवा यंत्रखरेदी नाही, आणि दहा ताई दिवसाला दोन तास शिकवतात, त्याचं हे मानधन आहे.

इथे पाच टक्क्यांचा घोळ समजून घ्यायला हवा. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. सीएसआर विभाग चालवायला कंपनीला जो सर्वसाधारण खर्च येतो, तो तिच्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, असा तिचा अर्थ. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरायचा नसतो. शाळेच्या प्रकल्पातल्या शिक्षकांचे पगार हा प्रशासकीय खर्च नाही, हे मंत्रालयाने उदाहरणासह स्पष्ट केलं आहे. तरीही समोरचा अधिकारी 'तुमचे पगार पाच टक्क्यांत बसवा' म्हणू शकतो. अशा वेळी वाद घालू नये. तक्त्याचे 'कार्यक्रम खर्च' आणि 'कार्यालयीन खर्च' असे दोन भाग करून दाखवावेत. आपल्या उदाहरणात कार्यालयीन म्हणजे फक्त हिशेबनीस आणि फोन-स्टेशनरी: ५५,००० रुपये, मागणीच्या साधारण ५.३ टक्के.

आणि हे ५५,००० रुपये काढून टाकायचा मोह आवरावा. हिशेबनीस नसेल तर व्हाउचर, नोंदवही आणि उपयोगिता प्रमाणपत्र हे सगळं समन्वयकावर येतं. मग तो पाड्यांवर सोळाऐवजी आठच दिवस जातो आणि ते मुलांच्या वाचनात दिसतं.

हप्ते महिन्यांच्या खर्चावरून ठरवा

कंपनीच्या करारात बहुतेकदा ४०-४०-२० किंवा ५०-५० असे हप्ते छापलेलेच असतात. ते मान्य करण्याआधी महिनावार खर्च मांडून बघावा. आपल्याकडे दर महिन्याचा चालू खर्च ७८,३०० रुपये आहे: मानधन, प्रवास, हिशेबनीस, फोन. जूनमध्ये त्यावर साहित्य, वर्गसंच, पहिलं प्रशिक्षण, चाचणी आणि पालकसभा येते आणि जूनचा खर्च २,८२,४०० होतो.

आता पहिला हप्ता ४० टक्के, म्हणजे ४,११,४०० मिळाला असं धरा. जून भागला की १,२९,००० उरतात. जुलैनंतर हातात ५०,७०० राहतात. ऑगस्टचं मानधनच ६८,००० आहे. म्हणजे ऐन पावसात दहा ताईंचं मानधन थांबतं आणि दोन-तीन जणी वर्ग सोडतात. छोट्या संस्थेकडे उसने घ्यायलाही गंगाजळी नसते.

ऑक्टोबरअखेरपर्यंतचा खर्च ५,९५,६०० होतो. म्हणून पहिला हप्ता ६० टक्के, ६,१७,१०० मागावा. त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र ऑक्टोबरच्या मध्याला द्यावं, म्हणजे दिवाळीच्या सुट्ट्या धरूनही ३० टक्क्यांचा दुसरा हप्ता नोव्हेंबरमध्ये हातात येतो. एवढं करूनही फेब्रुवारीत १०,५५० रुपये कमी पडतात, म्हणून शेवटचे १० टक्के फेब्रुवारीतच यावेत असं करारात लिहून घ्यावं. 'अंतिम अहवालानंतर' असं लिहिलेलं असेल तर ते बदलून घ्यावं, आणि त्याचं कारणही कंपनीच्याच सोयीचं आहे: अहवाल एप्रिलमध्ये तयार होईल आणि तोवर तिचं वर्ष संपलेलं असेल. हप्त्यांची मागणी करताना महिनावार तक्ता सोबत ठेवावा. नुसतं '६० टक्के द्या' म्हटलं तर नकार येतो. तक्ता दाखवला तर फायनान्सवाला स्वतःच ऑगस्टवर बोट ठेवतो.

निकाल काय म्हणून लिहायचा

'मुलांचा सर्वांगीण विकास' मोजता येत नाही. जूनच्या चाचणीत प्रत्येक मूल अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कोणत्या पायरीवर आहे ते नोंदवायचं आणि मार्चमध्ये किती मुलं किती पायऱ्या चढली ते मोजायचं. लक्ष्याचा टक्का आधीच्या वर्षांच्या आपल्याच नोंदींवरून ठरवावा.

या भागात एक गोष्ट प्रस्तावात लिहायलाच हवी. दिवाळीनंतर त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यातली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आणि नाशिकच्या बांधकामांवर कामाला जातात आणि मुलंही सोबत जातात. हे न लिहिता २५० मुलांचा निकाल कबूल केला, तर मार्चमध्ये चाचणीला बसलेल्या मुलांची संख्या कमी दिसते आणि बाकीची कुठे गेली, असा प्रश्न येतो. म्हणून आधीच सांगावं: निकाल जून आणि मार्च दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांचा असेल, आणि स्थलांतर झालेल्यांची यादी वेगळी, कारणासह दिली जाईल. वर्गाचा खर्च मात्र मुलं कमी झाली तरी तेवढाच राहतो, कारण ताई तेवढेच तास शिकवते. म्हणून कंपनीला 'प्रति मूल' दराने पैसे द्यायचे असतील तर ती अट स्वीकारू नये. निधी वर्गागणिक मागावा.

कागदावर मांडणी

सगळं मिळून सहा-सात पानं पुरतात. पहिल्या पानावर कोणासाठी, कुठे, किती दिवस, किती रुपये, एका मुलामागे किती, आणि कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या कोणत्या कलमात हे बसतं (इथे शिक्षणाच्या) एवढंच. कारखान्यापासून पाड्यांचं अंतरही इथेच द्यावं. कायदा कंपनीला जिथे तिचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या सातपूरच्या कारखान्याला हा तालुका परिसरातलाच आहे. मग गरज आणि पाड्यांची यादी, कामाचा महिनावार आराखडा, अंदाजपत्रक, हप्ते, निकालाचं मोजमाप. कागदपत्रं शेवटी, क्रमांक घालून.

फळ्यांवर, वह्यांवर कंपनीचं नाव छापायची तयारी दाखवताना जपून लिहावं. आभाराची ओळ चालते. कंपनीच्या मालाची जाहिरात होईल असं काही कबूल केलं, तर ते प्रायोजकत्व ठरतं, सीएसआरमध्ये बसत नाही, आणि संस्थेवर जीएसटीचा प्रश्नही येऊ शकतो. तसंच लाभार्थी फक्त कंपनीच्या कामगारांची मुलं असता कामा नयेत.

पैसे उरले तर

एखादी ताई मध्येच सोडून गेली, नवी मिळायला महिना गेला, की ५,००० रुपये उरतात. त्यासाठी करारात एक कलम आधीच घालावं: एका बाबीतून दुसऱ्या बाबीत १० टक्क्यांपर्यंत रक्कम कळवून वळवता येईल, त्यापुढे लेखी परवानगी लागेल. प्रकल्पाचं बँक खातं वेगळं असेल तर त्यावरचं व्याजही लगेच दिसतं. ते संस्थेचं उत्पन्न धरू नये, याच प्रकल्पावर वापरून प्रमाणपत्रात वेगळं दाखवावं. फेब्रुवारीच्या शेवटी शिल्लक मोजून मार्चमध्ये किती खर्च होईल ते कंपनीला कळवावं. जे खर्च होणारच नाही ते ३१ मार्चच्या आत परत करावं, म्हणजे कंपनीला ते सहा महिन्यांच्या मुदतीत अनुसूची ७ मधल्या निधीत भरता येतं.